बॅच क्रमांकाने सुटलेला गुंता

खाद्यविक्रीच्या नोंदणीचा अर्ज भरताना लेबलावर बॅच क्रमांक हवा, हे कळले होते. मात्र त्याचा खरा उपयोग पहिल्या तक्रारीनंतर उमगला. एका ग्राहकाने तळलेल्या पदार्थाला खवट वास येत असल्याचे कळवले. लेबलावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, शेंगदाणा व गहू यांची ॲलर्जीसूचना, निव्वळ वजन आणि तारीख होती. पण त्या दिवशी दोन घाणे तळले होते आणि पाकीट कोणत्या घाण्यातले, हे सांगता येईना.

आता १४ जूनच्या दुसऱ्या घाण्याचा क्रमांक १४०६-२ असा पडतो. वहीत त्यापुढे तेलाच्या डब्याचा बॅच क्रमांक, पिठाची खरेदीची तारीख, पाकिटांची संख्या आणि ती कोणाला दिली, हे लिहिते. तेल ताजे की आधी वापरलेले, हा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुन्हा तक्रार आली, तर तेवढ्याच घाण्याची पाकिटे परत मागवता येतील.

प्रत्येक घाण्यातली काही सीलबंद पाकिटे विक्रीच्याच पिशवीत, घरातल्या नेहमीच्या तापमानाला ठेवून दर आठवड्याला एक उघडते आणि वास, चव व कुरकुरीतपणा नोंदवते. खवटपणा जाणवण्याच्या बऱ्याच आधीची तारीख ‘या तारखेपूर्वी वापरावे’ म्हणून छापते. ही चाचणी कोरड्या पदार्थापुरतीच ग्राह्य आहे. ओलसर सारणातले जंतू वासावरून ओळखता येत नसल्याने त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच करावी लागते.