शेळ्या नाही, आधी बोकड मोजा

शेळ्यांच्या जनुकीय वैविध्यावर एम.एस्सी.चा प्रकल्प घेतला असेल, तर गावात गेल्यावर ‘शेळ्या किती?’ हा प्रश्न मागे ठेवा. शिरपूर-चोपड्याकडच्या सातपुड्याच्या पायथ्याला हिंडताना मला हमखास ऐकू यायचं, “आमना गावमा एकच बोकड शे.” यामागचा व्यवहार अगदी साधा आहे. नर करडाचं वजन भरलं की ते बाजारात जातं, आणि बकरी ईदच्या आधी तर भावही चांगला येतो. शेवटी मागे उरतो एखादाच, आणि गावातल्या सगळ्या शेळ्या त्याच्याकडेच येतात.

समजा, गावात 40 शेळ्या आणि 1 बोकड आहे. डोकी 41 झाली, पण ड्रिफ्टच्या, म्हणजे निव्वळ योगायोगाने पिढीगणिक जनुकांची प्रमाणं बदलण्याच्या, हिशेबात ही 41 जनावरं नाहीत. प्रत्येक करडाची निम्मी जनुकं बापाकडून येतात आणि इथे बाप एकच. म्हणजे पुढच्या पिढीचा निम्मा वाटा एकाच जनावराकडच्या दोन प्रतींतून निघतो. कळपाची ‘प्रभावी संख्या’, म्हणजे वैविध्य टिकवण्याच्या बाबतीत तो किती जनावरांइतका ठरतो, ते काढायचं सूत्र असं:

```
Ne = 4 × Nm × Nf / (Nm + Nf)
```

Nm म्हणजे नर, Nf म्हणजे माद्या. आकडे घाला, उत्तर येतं सुमारे 3.9. दर पिढीला वैविध्याचा `1/(2Ne)` इतका भाग गळतो, इथे जवळजवळ 13 टक्के. कळप बंद राहिला तर पाच पिढ्यांत सुरुवातीचं निम्मंच वैविध्य उरतं. बंद कळपात नवा बोकड जुन्याचाच मुलगा असतो, आणि तो हिशेब या सूत्रात आलेलाच आहे.

आता गंमत बघा. शेळ्या 40 च्या 80 केल्या तरी Ne 3.95 च्या पुढे जात नाही. एका बोकडावर हा आकडा 4 च्या वर कधीच चढत नाही. त्याऐवजी फक्त दुसरा बोकड ठेवला की तो 7.6 होतो आणि गळती निम्म्यावर येते. शेळीवाटपाच्या योजनांकडे मी तेव्हापासून जरा संशयानेच बघतो.

बॉटलनेकची गोष्ट थोडी वेगळी. दुष्काळ पडला किंवा साथ आली, कळप चार जनावरांवर आला आणि पुन्हा वाढला. चार जनावरांत प्रत्येक जनुकाच्या आठ प्रती असतात. एखादं अलील, म्हणजे जनुकाचं एक रूप, आधी 5 टक्के प्रतींत असेल, तर त्या आठांत ते एकदाही नसण्याची शक्यता 0.95 चा आठवा घात, म्हणजे सुमारे 66 टक्के. पण हेटरोझायगोसिटी, म्हणजे दोन वेगळी अलील असलेल्या जनावरांचं अपेक्षित प्रमाण, त्या एका पिढीत फक्त आठव्या भागाने उतरते. दुर्मीळ अलील आधी जातात, हेटरोझायगोसिटी मागून हळू घसरते. म्हणून अहवालात नुसती हेटरोझायगोसिटी दिली, तर कळप ठणठणीत दिसतो. अलीलांची संख्याही द्या.

याच फरकावरून बॉटलनेक पकडता येतो: उरलेल्या अलीलांच्या मानाने हेटरोझायगोसिटी जास्त दिसली, तर संख्या नुकतीच कोसळली असावी. ही खूण काही पिढ्यांत पुसली जाते, आणि Ne इतका लहान असेल तर फारच लवकर. त्यामुळे चाचणीत काही आढळलं नाही म्हणजे बॉटलनेक झालाच नाही, असं लिहू नका. म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोणत्या वर्षी जनावरं विकावी लागली, हे त्यांच्या पक्कं ध्यानात असतं.

अनेकदा घोळ मात्र नमुन्यांतच होतो. एकाच अंगणातली जुळी करडं आणि त्यांची आई असे तीन नमुने घेतले, की कळप आहे त्यापेक्षा एकसारखा दिसतो. दर घरातून एकच मोठं जनावर घ्या, आणि शेजारच्या घरातलं त्याच शेळीचं तर नाही ना, हे विचारून घ्या. रक्त पशुवैद्यकानेच मानेच्या शिरेतून काढावं. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी त्याआधीच हातात हवी.

रंगावरूनही फसगत होते. एका गावात झाडून सगळी काळी, पलीकडच्या गावात तांबडी. लोकांनी काळ्या निवडून ठेवल्या असतील, किंवा पहिला बोकड योगायोगाने काळा निघाला असेल. नुसतं बघून हे ठरत नाही. ड्रिफ्ट सगळ्याच मार्करांवर, म्हणजे डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागांवर, सारखा चालतो, निवडीची खूण त्या एका जनुकाच्या आसपासच दिसते. म्हणून रंगाशी संबंध नसलेले वीस-तीस मार्कर तपासा. तिथेही दोन गावं तितकीच दुरावलेली दिसली, तर रंगासाठी वेगळं कारण शोधायची गरज नाही.

आणि बोकड कुठून आला, हे नोंदवहीत लिहाच. आठवडी बाजारातून आणलेला एक परका बोकड एका पिढीत इतकी नवी अलील आणतो की ‘बंद कळप’ हे तुमचं गृहीतक तिथेच मोडतं. मालक ते आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नसतं.