आरओ-यूव्हीचा तुलनातक्ता करताना या चुका टाळा

आरओ प्युरिफायर विकणाऱ्याचा तक्ता बहुतेक असाच असतो: ‘टीडीएस कमी करतो’, ‘क्षार काढतो’, ‘जड पाणी मऊ करतो’. आपल्या रकान्यात तिन्ही ठिकाणी बरोबरची खूण, शेजारच्या यूव्हीला तीन फुल्या. ओळी खऱ्या आहेत, पण तिन्ही एकच काम सांगतात, पाण्यात विरघळलेले क्षार काढणं. एका गुणाचे तीन वेळा मार्क घेणं ही पहिली चूक. तिथे एकच ओळ ठेवा.

त्या ओळीला संदर्भही हवा. भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. खडकवासल्याचं पाणी पेठांमध्ये येतं ते सहसा याच्या बरंच खाली असतं. तिथल्या गिऱ्हाइकाला ती फुली म्हणजे यूव्हीचा दोष नाही. वाघोलीत टँकर किंवा बोअरवेलच्या पाण्यावर असलेल्याला मात्र हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरू शकते. म्हणून खुणेऐवजी लिहा: ‘क्षार काढतो, टीडीएस 500 च्या वर असेल तर गरज’. यूव्हीपुढे ‘जंतू निष्प्रभ करतो, क्षार काढत नाही, पाणी गढूळ नसावं’. घरचा टीडीएस स्वस्तातल्या मीटरवर मिनिटभरात कळतो, तेही तळाशी सांगा.

दुसरी चूक जास्त लपून राहते: आपण जिथे हरतो त्या ओळी तक्त्यात नसतातच. आरओ पाणी वाया घालवतो. समजा मशीन आत गेलेल्या पाण्यापैकी 30 टक्केच शुद्ध देतं. रोज 15 लिटर पिण्याचं पाणी हवं, तर 50 लिटर आत जाईल आणि 35 लिटर नळीतून बाहेर. यूव्हीत असं पाणी फेकलं जात नाही. ही ओळ छापायला जीवावर येतं, पण गिऱ्हाईक ती नळी पहिल्याच दिवशी बघणार आहे.

किमतीतही तेच होतं. नुसती खरेदीची किंमत न देता पाच वर्षांचा खर्च मांडा. आपलं मशीन 14,000 रुपयांचं, पहिल्या वर्षानंतर फिल्टर-मेम्ब्रेनला दरसाल 4,000 धरले, तर चार वर्षांचे 16,000 मिळून 30,000 होतात. समोरच्याचा आकडाही याच रीतीने काढा, त्याच्या बरोबरीच्या मॉडेलवर. आपलं सर्वात भारी आणि त्याचं सर्वात साधं, अशी जोडी लावू नका. दर कोणत्या तारखेचे आणि कुठून घेतले ते खाली लिहा. माहिती मिळाली नसेल तर फुली न मारता ‘कंपनीने दिलेली नाही’ लिहा.

जाहिरात मानक परिषदेच्या आचारसंहितेत तुलना करायला बंदी नाही. पण तुलनेचा विषय असा निवडू नये की जाहिरातदाराला कृत्रिम फायदा मिळेल, अशी अट तिथे आहे. ती तपासायला छापण्यापूर्वी तक्ता यूव्ही दुरुस्त करणाऱ्या एखाद्या टेक्निशियनला दाखवा आणि दोनच गोष्टी विचारा: यात चूक काय, आणि राहिलं काय.