गेटचा पहिला गंज वेल्डिंगलाच का येतो आणि तो कसा रोखायचा

नव्या लोखंडी गेटला गंज येतो तो पाइपच्या मधोमध नाही, सांध्यांवर येतो. बिजागरीखाली, कोपऱ्यात, पट्टी पाइपला जोडली आहे तिथे. पहिल्या पावसाळ्यानंतर तिथून तांबडे ओघळ सुरू झाले की लोक रंगाच्या कंपनीला दोष देतात आणि पुढच्या वेळी आणखी महाग रंग आणतात. दोष बहुतेक वेळा रंगाखाली राहिलेल्या घाणीचा असतो.

उदाहरणासाठी रत्नागिरीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावातलं दोन झडपांचं गेट घेऊ. रुंदी १० फूट, उंची ५ फूट, १६ गेजच्या चौकोनी पाइपची चौकट आणि खालच्या भागात पत्रा. ग्रिल आणि रेलिंगलाही हेच सगळं लागू पडतं, फक्त त्यांत सांधे जास्त असतात.

१. फॅब्रिकेटरला आधी सांगून ठेवा

गेट रेड ऑक्साइड प्रायमर न मारता, कोरं द्यायला सांगा. वर्कशॉपमध्ये टर्पेंटाइन ओतून पातळ केलेला जो तांबडा हात मारतात, तो न साफ केलेल्या वेल्डिंगवरूनच फिरवलेला असतो. गेट आधीच तसं आलं असेल, तर निदान सांध्यांभोवतीचा दोन इंच भाग तरी उघडा करावाच लागतो. पाइपची उघडी तोंडं टोपी वेल्ड करून बंद करून घ्या. आत पाणी साचलं तर पाइप आतून सडतो आणि तिथे कुठलाच ब्रश पोचत नाही.

२. तेल पुसा

नव्या पाइपवर तेलाचा थर असतो. थिनरच्या फडक्याने तो आधी पुसा. ग्राइंडर आधी फिरवला तर तेल धातूवर पसरतं आणि घासलेल्या ओरखड्यांत बसतं. गेट समुद्राजवळ उघड्यावर पडून असेल, तर त्याआधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. खाऱ्या वाऱ्याचं मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाखाली तेच पाणी ओढून घेतं.

३. वेल्डिंगची सफाई

सगळं काम इथे बिघडतं आणि हा टप्पा नीट जमायला मलाही बराच काळ लागला. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

साध्या ६०१३ रॉडने वेल्डिंग केलं की सांध्यावर काचेसारखी काळपट खपली जमते, ती स्लॅग. आजूबाजूला वितळलेल्या लोखंडाचे छर्रे उडून चिकटतात आणि धुराची बारीक पावडर बसते. या तिन्हींवर रंग लागतो, दिसतोही छान, पण त्याची पकड लोखंडावर नसते. स्लॅग ठिसूळ असते. गेट चार वेळा आपटलं की ती तडकते, तिच्यासोबत रंगही तडकतो आणि त्या भेगेतून पाणी आत शिरतं. छर्ऱ्याच्या टोकावर रंगाचा थर जेमतेम राहतो, त्यामुळे तिथे गंजाचे ठिपके आधी उठतात. धुराच्या पावडरीत फ्लक्सचे, म्हणजे रॉडवरच्या लेपाचे क्षार असतात. ते ओल धरतात आणि ऑइल पेंटची पकड सोडवतात.

"वायर ब्रश मारला की झालं" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश सपाट जागी ठीक चालतो, पण सांध्याच्या कडेला असलेल्या खोबणीत तो पोचत नाही. तिथली स्लॅग निघत नाही, उलट घासून चकचकीत होते आणि साफ धातूसारखी दिसू लागते.

क्रम असा ठेवा. आधी टोकदार चिपिंग हातोडीने सांधा पूर्ण लांबीभर ठोका. मग छन्नीने छर्रे उडवा. मग ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क सांध्यावर आणि बाजूच्या निळसर-काळ्या पट्ट्यावर हलक्या हाताने फिरवा. आतल्या कोपऱ्यांसाठी कानस किंवा जुन्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक वापरा. शेवटी तारेचा ब्रश आणि थिनरचं स्वच्छ फडकं. चष्मा आणि मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका.

डिस्क दाबून सांधा पाइपशी सपाट करायचा मोह टाळा. १६ गेजच्या पाइपची भिंत सुमारे १.६ मिलिमीटर असते. सांधा गुळगुळीत दिसेपर्यंत घासलात तर ती पातळ होते आणि बिजागरीजवळ हीच जागा पुढे फाटते.

काम झालं की नाही हे बॅटरी तिरकी धरून पाहा. साफ लोखंड एकसारखं राखाडी दिसतं. काळा, काचेसारखा चमकणारा ठिपका म्हणजे स्लॅग. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडा, कण उडाला तर पुन्हा हातोडी. सांध्यात टाचणीएवढी भोकं असतील तर ती पुन्हा वेल्ड करून घ्या. उघड्या लोखंडावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरू नका. लांबी ओल शोषते आणि तिच्याखाली गंज लपून वाढतो. भरायचीच असेल तर प्रायमर वाळल्यावर भरा.

४. प्रायमर

साफ केलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका. किनाऱ्यावर सकाळपर्यंत त्यावर पिवळट झाक येते. जेवढं त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढंच घासा.

साध्या रेड ऑक्साइडमधला तांबडा रंग म्हणजे लोहाचाच ऑक्साइड. तो ओल अडवतो, पण गंज रोखण्याचा गुण त्याच्यात नाही. त्यासाठी झिंक फॉस्फेट असलेला प्रायमर घ्या. झिंक क्रोमेटही काम करतो, पण क्रोमेट कर्करोगकारक आहे. घराच्या गेटसाठी मी तो वापरत नाही.

किनाऱ्यावर माझी पसंती दोन डब्यांच्या इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमरला. डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा आणि काही तासांत संपेल एवढंच मिसळा. घट्ट व्हायला लागलेल्या मिश्रणात थिनर घालून ते परत वापरता येत नाही.

आधी छोट्या ब्रशने फक्त सांधे, कडा आणि कोपरे रंगवा, खोबणीत ब्रश टोचून. रंग वाळताना धारदार कडेवरून मागे सरकतो, म्हणून तिथे हा जादा हात हवाच. मग सगळ्या गेटला दोन हात. दोन्ही बाजू आणि चौकट धरून हे गेट साधारण १२० चौरस फूट भरतं. ब्रशने एका हाताला दीड लिटरच्या आसपास प्रायमर धरा. निम्म्यात भागलं तर थर पातळ झाला आहे.

पट्टी आणि पाइप तुटक वेल्डिंगने जोडले असतील, तर मधल्या फटीत प्रायमरनंतर पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट भरा.

५. वरचा रंग

इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढरट पडतो, म्हणून वर पीयूचे दोन हात. बजेट कमी असेल तर झिंक फॉस्फेटचा ऑइल प्रायमर आणि वर इनॅमल चालेल. मात्र ऑइल पेंटवर इपॉक्सी किंवा पीयू कधीही मारू नका. त्याचं थिनर खालचा थर सुरकुतवून उचलतं.

दव सुकल्यावर सुरू करा, दुपारच्या तापलेल्या लोखंडावर मारू नका, आणि संध्याकाळच्या दमटपणाआधी थांबा.

६. बसवल्यानंतर

बिजागऱ्या खांबाला जागेवर वेल्ड होतात, तेव्हा तिथला नवा रंग जळतो आणि पाइपच्या मागच्या बाजूलाही करपतो. बहुतेक ठिकाणी यावर नुसता वरचा रंग फिरवून काम संपवलं जातं. तसं होऊ देऊ नका. करपलेला भाग दोन्ही बाजूंनी लोखंड दिसेपर्यंत घासा आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा करा. फॅब्रिकेटरचे शेवटचे पैसे हे पाहूनच द्या.