दहा हजारांचा महिना : पुण्याला शिकायला निघण्यापूर्वीची तयारी

घरून दरमहा किती पैसे येणार हा आकडा बहुतेक घरांत अंदाजाने ठरतो. कोणा नातेवाइकाच्या मुलाला दहा हजार पुरतात, म्हणून आपल्यालाही दहा हजार. माझ्या मते तयारीतील पहिले काम हा आकडा कागदावर तपासून घेणे हे आहे, आणि ते गाव सोडण्यापूर्वी, आईवडिलांसमोर बसून करावे. कारण महिन्याच्या वीस तारखेला फोनवरून तीच गोष्ट सांगताना ती हिशेब न वाटता उधळपट्टीची कबुली वाटते.

उदाहरणादाखल बार्शीहून पुण्यात पदवीसाठी येणारा, पेठेतील एका खोलीत कॉट बेसिसवर राहणारा विद्यार्थी घेऊ. जागेप्रमाणे आकडे बदलतील, रीत बदलणार नाही. कॉटचे भाडे 3,800 रुपये, दोन वेळच्या मेसचे 3,200, वीजबिल आणि इंटरनेटचा वाटा 250, बसचा पास आणि किरकोळ प्रवास 750 असे धरल्यास आठ हजार रुपये जाऊन हातात दोन हजार उरतात. ही रक्कम पुरेशी वाटते, आणि नेमकी येथेच फसगत होते, कारण जे खर्च महिन्याच्या मापात बसत नाहीत ते या यादीत आलेलेच नाहीत.

म्हणून दुसरा कागद वर्षाचा करावा. मोबाइलचे रिचार्ज आपण महिन्याचे म्हणतो, पण ते 28 दिवसांचे असते. त्यामुळे वर्षात ते बारा वेळा नव्हे तर तेरा वेळा करावे लागते, आणि 300 रुपयांच्या हिशेबाने त्याचे 3,900 रुपये होतात. दोन सत्रांचे परीक्षा शुल्क प्रत्येकी 1,300 धरून 2,600, घरी जाण्यायेण्याच्या चार खेपा प्रत्येकी 800 प्रमाणे 3,200 (मुलींना एसटीत 2023 पासून निम्मे तिकीट असल्याने ही रक्कम कमी होईल), पुस्तके, झेरॉक्स आणि जर्नलसाठी 1,500, दवाखान्यासाठी 800. बेरीज बारा हजार, म्हणजे महिन्याला एक हजार. हे हजार रुपये ज्या महिन्यात काहीच खर्च नाही त्या महिन्यातही बाजूला पडले पाहिजेत. नाहीतर परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या आठवड्यात खोलीतल्या मित्राकडे हात पसरावा लागतो.

आता उरलेल्या हजारात काय बसवायचे ते पाहावे. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. चार रविवारचे बाहेरचे जेवण साधे घेतले तरी 400 रुपये होतात. मेसच्या दोन वेळांत नाश्ता नसतो, आणि घरी नाश्त्याला कधी पैसे पडत नसल्यामुळे यादी करताना तो हटकून विसरला जातो. पोह्यांच्या प्लेटला 30 रुपये धरून 26 सकाळींचे 780 होतात. दिवसाला एक चहा म्हणजे 300, साबण, तेल, कपडे धुण्याचा खर्च आणखी 300. बेरीज 1,780, आणि हातात आहेत 1,000. दहा हजारांचा हा महिना कोणतीही चैन न करता 780 रुपयांनी तुटतो.

ही तूट आधी दिसली तर तिच्यावर उपाय आहेत. नाश्ता आठवड्यातून दोनच दिवस बाहेर करून एरवी घरून आणलेले लाडू, भाजक्या पोह्यांचा चिवडा किंवा दशम्या-चटणी यांवर भागवले, तर महिन्याला सुमारे 500 रुपये वाचतात. दशम्या चार-पाच दिवसच टिकतात, चिवडा हवाबंद डब्यात महिनाभर राहतो, म्हणून डबे भरताना तो क्रम लक्षात ठेवावा. खोलीत शेगडी ठेवून स्वयंपाक करण्याचा बेत मात्र मालकाला विचारल्याशिवाय आखू नये. विजेच्या शेगडीला अनेक ठिकाणी मनाई असते. उरलेले 280 रुपये घरी स्पष्टपणे मागावेत, म्हणजे ठरलेला आकडा 10,300 होईल.

मेस ठरवताना चवीइतकीच चौकशी खाड्याची करावी. आपण जेवलो नाही त्या दिवसांचे पैसे वळते होतात का, त्यासाठी किती दिवस आधी सांगावे लागते, आणि सलग किती दिवसांची गैरहजेरी धरतात, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. रविवारच्या चार संध्याकाळी वगळल्यास वरच्या दराने महिन्याच्या छप्पन्न जेवणांत एक जेवण सुमारे 57 रुपयांना पडते. दिवाळीला बारा दिवस घरी गेल्यास बावीस-तेवीस जेवणांचे साधारण 1,250 ते 1,300 रुपये होतात, म्हणजे खाडा मिळाला तर त्या खेपेचे भाडे निघून वर पैसे उरतात. माझ्या पहिल्या मेसमध्ये खाडा तोंडी सांगायची पद्धत होती, आणि महिन्याअखेर मालकाला नेहमी कमीच दिवस आठवत. तेव्हापासून मी तारखा संदेशाने कळवू लागलो. ज्याचे घरी जाणे वारंवार असते त्याला कूपनची मेस अधिक सोयीची, कारण तिथे जेवलो तेवढीच कूपने जातात.

पहिल्या महिन्याची रक्कम वेगळी मागावी. त्यात भाड्याशिवाय खोलीचे डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, आणि गादी, बादली, कुलूप, एक्स्टेंशन बोर्ड असा खर्च येतो, तो नेहमीच्या महिन्यातून निघू शकत नाही. डिपॉझिटची पावती घ्यावी आणि तिच्यावर खोली सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची व रंगकामासाठी किती कापणार हे लिहून घ्यावे. पैसे घरून कोणत्या तारखेला निघतील हेही ठरवावे. पगार सात तारखेला होत असेल आणि भाडे पाच तारखेपर्यंत द्यायचे असेल, तर दर महिन्याला दोन दिवसांची उसनवारी ठरलेली. घर शेतीवर चालत असेल तर सोयाबीन विकल्यावर एकदम दोन-तीन महिन्यांचे पैसे खात्यात ठेवून घेणे बरे.

बँकेची दोन खाती असावीत. घरून पैसे ज्या खात्यात येतात ते यूपीआयला जोडू नये. भाडे आणि मेस त्यातूनच द्यावी व वर्षाच्या खर्चाचे हजार रुपये तेथेच राहू द्यावेत. दुसरे, किमान शिल्लक न लागणारे खाते फोनला जोडून त्यात दर सोमवारी हातखर्चाचे 300 रुपये टाकावेत. शनिवारी ते संपले तर तोटा फार तर दोन दिवसांच्या चहाचा आणि रविवारच्या बाहेरच्या जेवणाचा होतो, भाड्याला धक्का लागत नाही. यूपीआय लाइट, म्हणजे आधी पैसे भरून ठेवून पिनशिवाय लहान रकमा देण्याची सोय, वापरत असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी की बँकेच्या पासबुकात फक्त त्यात भरलेली रक्कम दिसते, एकेक खरेदी दिसत नाही, म्हणून ती वहीत वेगळी टिपावी लागते.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असला तरी तिची रक्कम महिन्याच्या हिशेबात धरू नये, कारण ती कोणत्या महिन्यात येईल हे सांगता येत नाही. मात्र निघण्यापूर्वी आधार कोणत्या खात्याला जोडलेले आहे ते बँकेत तपासून घ्यावे. नवे खाते उघडताना आधारची जोडणी तिकडे वळली असेल तर पैसे त्या नव्या खात्यात जमा होतात, आणि विद्यार्थी जुन्या खात्यात वाट पाहत राहतो.