ओव्हुलेशन किट वापरताय? या चुका टाळा

किटवर दोन रेघा आल्या की बीज सुटलं, असं बहुतेक जणी धरून चालतात. पण किटला बीज दिसतच नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी बीज सोडण्यासाठी एलएच नावाचं संप्रेरक एकदम भरपूर सोडते. त्याचा काही भाग लघवीत उतरतो आणि पट्टीला कळतो तेवढाच. ही लाट सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडणं अपेक्षित असतं. अपेक्षित असतं, घडतंच असं नाही.

वंध्यत्व उपचाराच्या दवाखान्यात समुपदेशन करताना मला सगळ्यात जास्त भेटणारी चूक म्हणजे फिकट दुसऱ्या रेघेला पॉझिटिव्ह समजणं. ही सवय प्रेग्नन्सी टेस्टवरून लागते. तिथे फिकट रेघही मोजतात, कारण एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक एरवी लघवीत जवळपास नसतंच. एलएच मात्र थोडं थोडं रोजच असतं. पट्टीवरची रंगीत प्रतिपिंडं त्याला पकडतात आणि ते चाचणीच्या रेघेवर अडकतं, म्हणून फिकट रेघ महिनाभर कधीही दिसू शकते. शेजारची कंट्रोल रेघ पट्टी नीट चालली एवढंच सांगते. चाचणीची रेघ तिच्याइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह. निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचायचा. तासाभराने कचऱ्यातून पट्टी काढून उजेडात धरणाऱ्याही भेटतात, त्यांना काय सांगावं!

दुसरी चूक महाग पडते: पहिला पॉझिटिव्ह आला की तपासणं थांबवणं. पीसीओएस, म्हणजे बीज वेळेवर न सुटण्याचा संप्रेरकांचा विकार, असलेली एक बाई फोनमध्ये पट्ट्यांचे फोटो घेऊन आली होती. पाळीच्या १३व्या दिवशी ठळक पॉझिटिव्ह आलेला. त्या दोन-तीन दिवसांत संबंध ठेवले आणि किट कपाटात गेलं. पुढची पाळी सुरू झाली ४१व्या दिवशी. "बीज वेळेवर सुटतंय, मग अडतंय कुठे?" असं ती विचारत होती.

मी तिला उलटं मोजायला लावलं. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंत बहुधा १२ ते १४ दिवस जातात. ४१मधून ते वजा करा, म्हणजे बीज सुटलंच असेल तर २७ ते २९व्या दिवसाच्या आसपास. १३व्या दिवशी नव्हेच. पीसीओएसमध्ये एलएचची नेहमीची पातळीच चढी असू शकते. कधी लाट उठते आणि बीज न सुटताच ओसरते, मग शरीर काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करतं. पुढच्या महिन्यात तिने तपासणं सोडलं नाही आणि रोज उठल्याउठल्या तापमानही टिपलं, कारण बीज सुटल्यावर ते थोडं चढतं. १२व्या दिवशी पॉझिटिव्ह आला, तापमान जागचं हललं नाही. मग फिकट रेघा. २५व्या दिवशी पुन्हा पॉझिटिव्ह, आणि २७व्या दिवसापासून तापमान थोडं चढलं ते चढलेलंच राहिलं. त्या महिन्यात पाळी ४०व्या दिवशी आली, म्हणजे हिशेब जुळला.

म्हणून पाळी अनियमित असेल तर मी एकट्या किटवर भरवसा ठेवू देत नाही. तापमान चढेपर्यंत पट्ट्या चालूच ठेवायच्या. कंटाळा येतो, मान्य. पण अधलेमधले दिवस गाळून पट्ट्या वाचवणाऱ्यांना लाट हमखास चुकते. काहींच्या लघवीत ती जेमतेम एखादा दिवस टिकते.

सकाळची पहिली लघवी वापरू नका. लाट बऱ्याचदा पहाटे रक्तात सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. मी दुपारची वेळ सांगते, आधी दोन तास पाणी बेताचं. रेघ गडद व्हायला लागली की त्याच दिवशी रात्री पुन्हा.

बीज वाढवणाऱ्या क्लोमिफीनच्या गोळ्या चालू असताना तपासू नका, त्या गोळ्याच एलएच वाढवतात. बीज सुटावं म्हणून एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर पट्टीला हातच लावू नका. एचसीजी आणि एलएच यांची घडण इतकी सारखी आहे की किट फसतं. गरोदरपणातही याच कारणाने किट पॉझिटिव्ह येऊ शकतं.

आणि पॉझिटिव्ह आल्यावर मुद्दाम दोन दिवस थांबणं तर अजिबात नको. बीज १२ ते २४ तासच जगतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध ठेवा.

बीज सुटलं का हे तपासायचं तर पाळीच्या अंदाजे सात दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणारं संप्रेरक, बघतात. तेही दर वेळी पुरत नाही. क्वचित बीजाची पिशवी फुटतच नाही, पण प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते. अशा वेळी किट, तापमान, रक्ततपासणी सगळं व्यवस्थित दिसतं आणि बीज आतच राहतं. ते लाटेच्या आधी आणि नंतर केलेल्या सोनोग्राफीतच लक्षात येतं.