पासपोर्ट एक्स्पायर झालाय? फॉर्म सोपाय, गाडी अडते ती पत्त्यावर

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. आपण सगळे ‘रिन्यू’ म्हणतो पण सरकारी भाषेत तो असतो री-इश्यू, म्हणजे जुन्याची तारीख वाढवून देत नाहीत, नवीन पुस्तिका मिळते आणि नंबरही नवीन. त्यामुळे साइटवर Renew नावाचं बटण शोधत बसू नका. passportindia.gov.in हीच साइट, गूगलवर पहिल्या चार लिंका दुसऱ्याच कुणाच्या असू शकतात आणि त्या जादा पैसे घेतात, तेव्हा पत्ता स्वतः टाइप करा.

माझा स्वतःचा, बायकोचा, दोघा मित्रांचा, बहिणीचा, असे बरेच फॉर्म आत्तापर्यंत मी भरलेत. अर्ध्या तासाचं काम आहे. अकाउंट काढायचं, Re-issue of Passport निवडायचं, कारण म्हणून Validity Expired within 3 years/Due to Expire किंवा संपून तीन वर्षांहून जास्त झाली असतील तर Validity Expired more than 3 years ago. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, आणि संपून पाच वर्षं झाली तरी री-इश्यूच होतो, ‘आता नव्यानेच काढावा लागेल’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. 36 पानी पुस्तिकेचे 1500 रुपये, 60 पानीचे 2000, ऑनलाइन भरले की अपॉइंटमेंट घ्यायची. झालं.

आता खरा मुद्दा. नोकरी करणाऱ्या माणसाचा पासपोर्ट जिथे अडकतो ती जागा म्हणजे फॉर्ममधला ‘सध्याचा पत्ता’. आणि याबाबत जेवढे फुकटचे सल्ले मिळतात तेवढे दुसऱ्या कशाबद्दल मिळत नसतील.

माझं काय झालं ते सांगतो. मी पुण्यात भाड्याने राहतो, घर गावी. जुन्या पासपोर्टवर गावचा पत्ता, आधारवर गावचा पत्ता. पासपोर्ट संपून तेव्हा 14 महिने झाले होते. ऑफिसातला एकजण म्हणाला, आधार जुळतंय ना मग गावचाच टाक, झंझट नको. मला पटलं. फॉर्म भरला, पासपोर्ट ऑफिसात सगळं सुरळीत, खिडकीवरच्या बाई म्हणाल्या व्हेरिफिकेशन होईल मग येईल पासपोर्ट. आठवड्याने हवालदार गावच्या घरी गेला. आई दारात. तिने काय सांगितलं? खरं तेच सांगितलं, ‘तो पुण्याला असतो नोकरीला, दिवाळीला येतो.’ वर चहाही पाजला. हवालदाराने लिहिलं, अर्जदार या पत्त्यावर राहत नाही. त्याची काही चूक नाही, त्याला तेच तपासायला पाठवलेलं. रिपोर्ट प्रतिकूल गेला, मला खुलासा मागणारं पत्र आलं, मग रजा काढून रिजनल ऑफिस, तिथे अर्ज द्या, पत्ता बदलून कागद द्या, व्हेरिफिकेशन पुन्हा पुण्याला पाठवा. तीन महिने गेले आणि तोपर्यंत ज्या ट्रेनिंगसाठी पासपोर्ट हवा होता ते उरकूनही गेलं.

म्हणून माझं ठाम मत, सध्याचा पत्ता म्हणजे तुम्ही रात्री जिथे झोपता तो. बास. गावचा पत्ता ‘कायमचा पत्ता’ म्हणून वेगळ्या रकान्यात टाकता येतो, तिथे टाका. आणि ‘पत्ता ज्या पासपोर्ट ऑफिसच्या हद्दीत, तिथेच अर्ज करायला हवा’ हेही आता राहिलेलं नाही, 2018 पासून देशात कुठल्याही पासपोर्ट केंद्रात अर्ज करता येतो. पोलीस मात्र फॉर्ममध्ये लिहिलेल्या सध्याच्या पत्त्यावरच जातात. अर्ज कुठे केला याला महत्त्व नाही, पत्ता कुठला लिहिला याला आहे.

मग भाड्याच्या घराचा पुरावा कुठला? इथे लोक चुकतात. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेला करार चालत नाही, रजिस्टर केलेला लागतो. आपल्याकडे ते अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, ज्यात अंगठा आणि फोटो घ्यायला एजंट घरी येतो, ते चालतं. घरमालक रजिस्टर करायला कुरकुर करत असेल तर खर्च तुम्ही करा पण करून घ्या. दुसरा उपाय बँकेचं पासबुक, चालू खात्याचं म्हणजे ज्यात खरंच व्यवहार होतात असं, त्यावर तुमचा फोटो हवा आणि पत्ता नवा हवा. फोटो नसेल तर ब्रँचमध्ये जाऊन चिकटवून शिक्का मारून आणा, एका दुपारचं काम. सहकारी पतपेढीचं पासबुक घेऊन जाऊ नका, सरकारी बँक, शेड्यूल्ड खाजगी बँक नाहीतर ग्रामीण बँक यांचंच धरतात.

आणि सगळ्यात सरळ मार्ग, भाडेकरारावर आधारचाच पत्ता आधी बदलून घ्या, अपडेट झालेलं आधार हातात आलं की मगच पासपोर्टचा फॉर्म. होय, थोडे दिवस जास्त लागतात. पण मग खिडकीवर कुणी एक प्रश्न विचारत नाही. फॉर्ममध्ये पत्ता लिहिताना फ्लॅट नंबर, विंग, सोसायटीचं नाव आधारवर जसं आहे तस्सं लिहा, एकीकडे ‘बी-7’ आणि दुसरीकडे ‘बिल्डिंग बी, फ्लॅट 7’ असं करायची गरज नाही. आणि जुन्या पासपोर्टपेक्षा पत्ता वेगळा आहे तर वैयक्तिक तपशिलातल्या बदलांमध्ये पत्त्यावर टिक करायला विसरू नका.

अजून एक खड्डा. पत्त्याबरोबर पोलीस स्टेशन निवडावं लागतं. पुण्यात राहणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं थांबायचं, कारण वाकड, हिंजवडी, पिंपरी हा सगळा भाग 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहे, पुणे शहर पोलिसांकडे नाही, आणि गावठाणालगतचे काही भाग ग्रामीणकडे. चुकीचं स्टेशन निवडलं तर फाइल आधी तिथे जाते, ते म्हणतात आमची हद्द नाही, मग परत फिरते. साइटवर पोलीस स्टेशन शोधायची सोय आहे, नाहीतर सरळ सोसायटीच्या वॉचमनला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं भांडण झालं की गाडी कुठून येते.

अपॉइंटमेंटला काय न्यायचं, तर जुना ओरिजिनल पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या झेरॉक्स (मध्ये कुठे शेरा असेल तर त्या पानाचीही), पत्त्याचा पुरावा ओरिजिनल आणि झेरॉक्स, सगळ्या झेरॉक्सवर स्वतःची सही. जुन्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे काही देशांत नोकरीला जायला आधी सरकारी परवानगी लागते, असा शिक्का असेल आणि तो काढायचा असेल तर दहावीचं सर्टिफिकेट. अपॉइंटमेंटचा मेसेज फोनवर दाखवला तरी चालतो. फोटो न्यायचा नसतो, तिथेच काढतात, मागे पांढरा पडदा असतो त्यामुळे पांढरा शर्ट घालून जाऊ नका. बायको-नवरा म्हणून एकमेकांचा पासपोर्ट पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो पण त्यात जोडीदार म्हणून तुमचं नाव आणि तोच पत्ता पाहिजे.

सरकारी नोकरीत असाल तर एक कागद जास्त. ‘ऑफिस एनओसी देत नाही’ म्हणून सहा-सहा महिने बसलेले लोक मी पाहिलेत. एनओसीच लागतं असं नाही, प्रायर इंटिमेशन लेटर म्हणजे मी अर्ज करतोय असं तुम्हीच तुमच्या साहेबांना कळवलेलं पत्र चालतं, त्याचा नमुना साइटवर परिशिष्ट एच मध्ये आहे. ते ऑफिसात द्यायचं, आवक शिक्का मारलेली प्रत घेऊन जायचं.

केंद्रात ए, बी, सी अशा तीन खिडक्या. ए वर स्कॅनिंग, फोटो, बोटांचे ठसे. बी वर कागद तपासतात, सी वरचा अधिकारी मंजूर करतो. ए वरच्या स्क्रीनवर तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख दाखवतात तेव्हा मान डोलावू नका, एकेक अक्षर वाचा, मागे रांग असली तरी. अर्ध्या दिवसाची रजा पुरते. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत देतात, त्यावर चालू व्हिसा असेल तर तो पासपोर्ट जपून ठेवा, नव्याबरोबर दाखवावा लागतो.

निघताना सी वर एकच प्रश्न विचारा, पोलीस व्हेरिफिकेशन आधी की नंतर? सगळा वेळ त्यावर ठरतो. नंतर असेल किंवा नसेलच तर पासपोर्ट आठवड्याभरात छापून निघतो. माझ्या बहिणीचा पत्ता जुन्या पासपोर्टवरचाच होता, संपून चारच महिने झालेले, सहाव्या दिवशी पोस्टमन दारात. आधी असेल तर महिना धरा. माझ्या दुसऱ्या खेपेचा हिशोब असा, खोली बदलली आणि मला जुन्याच पत्त्यावर लटकायचं नव्हतं म्हणून पुन्हा अर्ज केला. रविवारी फॉर्म, अकराव्या दिवशी अपॉइंटमेंट, सोळाव्या दिवशी पोलीस स्टेशनचा फोन. शनिवारी म्हणजे विसाव्या दिवशी जाऊन आलो, आधार, भाडेकरार, दोन फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या आधारच्या झेरॉक्स घेऊन. अठ्ठाविसाव्या दिवशी रिपोर्ट गेला, तिसाव्या दिवशी छापला, तेहेतिसाव्या दिवशी स्पीड पोस्टने घरी.

तत्काळचे 2000 जास्त पडतात आणि अपॉइंटमेंट लवकर मिळते, पण पत्ता खोटा किंवा अर्धवट असेल तर तत्काळने काही वाचत नाही, व्हेरिफिकेशन मागाहून होतंच.

पोलिसांचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, मीटिंगमध्ये कट करू नका. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आणि स्पीड पोस्ट तुमच्याच हातात देतात, ओळखपत्र बघून, तेव्हा पोस्टमन येणार त्या दिवशी तुम्ही ऑफिसात असाल तर पाकीट परत जातं. मेसेजमध्ये ट्रॅकिंग नंबर आला की त्या दिवशी घरून काम मागा, नाहीतर संध्याकाळी पोस्टात जाऊन घ्या, आधार सोबत ठेवून.