नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन ठरलंय? रजेचा अर्ज भरण्याआधी हे उरका

आपल्याकडे म्हणतात, "नाकाचं हाड वाढलंय." खरं तर बहुतेक वेळा काही वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा पुढे कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा असतो आणि मागे पातळ हाडाचा. तो एका बाजूला वाकलेला असतो. थोडाफार वाकडा पडदा बहुतेकांचाच असतो आणि त्याचा त्रासही होत नाही. म्हणून तयारीची सुरुवात रुग्णालयाच्या बॅगेपासून करू नका. आपलं नाक खरंच पडद्यामुळे बंद आहे का, हे आधी पाहा.

त्यासाठी आठवडाभर एक छोटी नोंद ठेवा: सकाळी उठल्यावर, दुपारी आणि झोपताना कोणती बाजू बंद होती. दर काही तासांनी एका बाजूची आतली त्वचा फुगते आणि दुसरी ओसरते, हे बहुतेक निरोगी नाकांत चालूच असतं. बंद बाजू सारखी बदलत असेल, तर ॲलर्जीची सूज मोठी असण्याची शक्यता जास्त. कायम एकच बाजू कोंदलेली असेल, तर पडद्यावर संशय घ्यायला जागा आहे. ही नोंद डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा चार ते सहा आठवडे रोज मारा. फवाऱ्याचं टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे वळवा. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारलं की ते आपोआप जमतं. मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब महिनोन्‌महिने चालू असतील, तर तेही सांगा. त्यांच्या सवयीनेच नाक बंद राहतं आणि ते दुखणं ऑपरेशनने जात नाही.

मी कान-नाक-घसा वॉर्डात बारा वर्षं सिस्टर होते, तरी रजेचा हिशेब मला नीट कळला तो भाच्यामुळे. वय ३४, नाशिकला अंबडच्या कारखान्यात तपासणीचं काम, जाण्यायेण्याला मोटरसायकल. सतराव्या वर्षी क्रिकेटचा चेंडू नाकावर बसला, तेव्हापासून डावी बाजू बंद. त्याने साहेबांकडे चार दिवसांची रजा मागितली होती. मी त्याला अर्ज बदलायला लावला.

ऑपरेशनमध्ये काय होतं हे कळलं की रजा का वाढवावी लागते तेही कळतं. कापतात ते नाकाच्या आतून. बाहेर व्रण राहत नाही आणि नाकाचा आकारही सहसा बदलत नाही. पडद्यावरचं आवरण उचलायचं, कूर्चेचा आणि हाडाचा वाकलेला भाग काढायचा किंवा सरळ करून बसवायचा, आवरण परत चिकटवायचं. वरच्या आणि पुढच्या कडेला सेंटीमीटरभर कूर्चा राखतात, कारण नाकाचा कणा त्यावरच उभा असतो. आवरण नीट चिकटावं म्हणून कुठे नुसते टाके घालतात, कुठे दिवस-दोन दिवस पॅकिंग ठेवतात, कुठे आठवडाभर सिलिकॉनच्या पट्ट्या, म्हणजे स्प्लिंट. तुमच्या बाबतीत यातलं काय करणार, हे आधीच विचारा. रजा ऑपरेशनच्या दिवसावरून मोजू नका, स्प्लिंट निघण्याच्या दिवसावरून मोजा.

अपेक्षाही आताच डॉक्टरांसमोर बोलून घ्या. हवेची वाट मोकळी करणं एवढंच या ऑपरेशनचं काम आहे आणि योग्य रुग्णात ते होतं. ब्रिटनमध्ये १७ रुग्णालयांतल्या ३७८ जणांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी फवारेवाल्यांपेक्षा ऑपरेशन झालेल्यांचा त्रास स्पष्ट कमी होता. पण सकाळच्या शिंका, धुळीची ॲलर्जी याने जात नाही. घोरणं थांबेलच असं नाही, आणि झोपेत श्वास अडकत असेल तर त्याची वेगळी तपासणी लागते.

आता घरची तयारी. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना आणि सर्जनना, दोघांनाही विचारा. डोकेदुखीला घेतो त्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही सांगा, कारण त्यानेही रक्तस्राव वाढू शकतो. सिगारेट, तंबाखू, मिसरी लपवू नका. विम्याची पॉलिसी उघडून बघा, बऱ्याच पॉलिसींत या ऑपरेशनला दोन वर्षांची प्रतीक्षा असते. घरी दोन जास्तीच्या उशा, पुढून बटणाचे शर्ट, कापसाच्या घड्या आणि मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची बाटली काढून ठेवा. स्वयंपाक करणाऱ्याला सांगा, आठवडाभर मिरचीची फोडणी दार लावून. एक जोरकस शिंक टाक्यांना नको असते, आणि आलीच तर तोंड उघडून शिंकायचं.

भाच्याचं ऑपरेशन गुरुवारी झालं. शुक्रवारी पॅकिंग निघालं आणि तो घरी आला. तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेला, नाकाखालची गुलाबी झालेली घडी तासाला बदलायची. दुखणं पॅरासिटॅमॉलवर भागलं. रविवारी रात्री मात्र तो घाबरला: "मावशी, आधीपेक्षा जास्त बंद झालंय, वाया गेलं का गं?" सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि आत स्प्लिंट असतात, मग नाक बंद वाटणारच. ही रात्र येणार हे आधी माहीत असलं की निभावते. पुढच्या गुरुवारी स्प्लिंट निघाले आणि पहिल्यांदा डावीकडून थंड हवा लागली. तो सोमवारी, अकराव्या दिवशी, कामावर गेला, पण टेबलावरच्या कागदांपुरता. जड उचलणं आणि व्यायाम तीन आठवड्यांनंतर. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, खपल्या नखाने काढायच्या नाहीत, वाफ विचारल्याशिवाय नाही. विमानाचा दौरा असेल तर तोही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रुग्णालयाचा रात्री उचलला जाणारा नंबर फ्रिजवर चिकटवा. लालभडक रक्त वाहू लागलं तर पुढे झुकून बसा, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबा, रक्त गिळू नका, आणि तरी थांबलं नाही तर निघा. असा रक्तस्राव आठवड्यानंतरही होऊ शकतो. दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते: दुखणं रोज कमी होण्याऐवजी ठणकत वाढतंय, दोन्ही बाजू गच्च झाल्यात, ताप आलाय. पडद्याच्या आवरणाखाली रक्त साठलं तर कूर्चेचं पोषण तुटतं आणि पुढे नाक मधोमध खचू शकतं. ते रक्त त्याच दिवशी काढावं लागतं, सकाळची वाट बघू नका. वाकल्यावर एका बाजूने पाण्यासारखं पातळ, खारट गळत असेल तर तेही लगेच कळवा. वरच्या दातांशी थोडा बधिरपणा मात्र बहुधा काही आठवड्यांत जातो.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख ऑपरेशनच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहा, कारण नाक पूर्ण बरं व्हायला तीन ते सहा महिने लागतात. भाच्याची डावी बाजू आता मोकळी आहे. शिंका आहेत तशाच आहेत, आणि त्यासाठीचा फवारा रात्री झोपताना चालू आहे.